बारशाच्या क्रोशा सेटची कॅप्शन कशी लिहिता? रंग, दिवस, धुणं: अनुभव धागा

लोकरगुंडा
क्रोशावर बाळाच्या ऑर्डरी घेणाऱ्या कोल्हापूरकरांनो, इथं लिहा. फोटोखालची माझी कॅप्शन सध्या अशी आहे:

"बाळासाठी हाताने विणलेलं टोपरं, मोजे, दुपटं. तुमच्या आवडीच्या रंगात. लवकर मिळेल. अलगद धुवा."

ऑर्डर येते, मग प्रश्न सुरू होतात. किती दिवसांत, कुठला गुलाबी, मशीनला चालतं का. कॅप्शनमध्ये नेमकं काय लिहिलं की हे थांबेल? गप्पा नकोत, माप सांगा.

सहा_नंबरची_सुई
चारही वाक्यं बदला. सगळ्यात आधी "लवकर", कारण बारसं बाराव्या दिवशी असतं आणि ऑर्डर येते तिसऱ्या-चौथ्या दिवशी. हातात आठ-नऊ दिवस उरतात.

आधी आपला हात मोजा. गुंडा किचनच्या वजनकाट्यावर ठेवून आकडा लिहा, एक तास विणा, परत ठेवा. जेवढं वजन कमी झालं तो तुमचा तासाचा वेग. आठ पदरी कॉटनमध्ये साध्या खांबाच्या ओळींना माझा 16 ग्रॅम येतो. 30 बाय 30 इंचाच्या दुपट्याला साधारण 400 ग्रॅम सूत लागतं, म्हणजे 25 तास. घरचं बघून रोज तीन तास बसलं तर नऊ दिवस. काठ आणि टोकं लपवायला एक दिवस. धुऊन सपाट वाळवायला दोन, पावसाळ्यात चार. रंग दुकानात नसेल तर सूत यायला दोन-तीन. हे झाले चौदा ते सतरा, आणि तेही आधीची कुठली ऑर्डर हातात नसेल तर.

टोपरं आणि मोज्यांना मिळून 75 ग्रॅम. पाच तास विणणं, एक तास शिवण आणि नाडी. दोन दिवस काम, दोन दिवस वाळवण.

म्हणून कॅप्शनमध्ये "लवकर" नाही, दोन आकडे: टोपरं-मोजे 6 दिवस, दुपट्यासकट सेट 18 दिवस. त्याखाली एक ओळ: बारशाला दुपटं हवं तर बाळ यायच्या आधी सांगा.

गंगावेशीतला_दोरा
दिवस कधीपासून मोजायचे हेही लिहा. गिऱ्हाईक पहिल्या "हाय"पासून मोजतं. माझ्याकडे ॲडव्हान्स आला आणि रंग ठरला, या दोन्हीतलं जे नंतर होईल तो दिवस पहिला.

सहा_नंबरची_सुई
मी सूत हातात आल्यापासून मोजते. ॲडव्हान्स आला आणि तो पिस्ता दुकानात नाहीच, असं झालं की दिवस आपल्याच अंगावर येतात.

गंगावेशीतला_दोरा
मग गिऱ्हाईकाला तारीखच सांगता येत नाही. सूत आणणं हे आपलं काम, ते त्यांच्या दिवसांत धरायचं नाही.

राजारामपुरीची_वैनी
तुम्ही दोघं भांडा, मी रंगाचं सांगतो. बाळ यायच्या आधी ऑर्डर घ्यायची म्हटलं की मुलगा का मुलगी हे कुणालाच ठाऊक नसतंय, आणि विचारायचंही नाही. गर्भाचं लिंग सांगायला कायद्यानं बंदी हाय. तरी मेसेजमध्ये "गुलाबी का निळा?" असं लिहिणाऱ्या पोरी बघतो मी. तो प्रश्नच काढून टाका. जन्माआधीच्या ऑर्डरीला साय, लिंबू, पिस्ता, अबोली, फिका राखाडी, एवढे पाच रंग. काठाचा एक दोरा बाळ आल्यावर ठरवायचा. दुपटं विणून तयार, काठ तेवढा राहतोय, एका दिवसाचं काम.

"आवडीचा रंग" लिहिला की लोक पिक्चरमधल्या साडीचा फोटो पाठवतात. तो रंग सुतात नसतोयच.

लोकरगुंडा
काठ शेवटी, हे आवडलं. पण फोटोत दाखवलेला पिस्ता आणि हातात गेलेला पिस्ता वेगळा दिसतो, त्याचं काय?

राजारामपुरीची_वैनी
रात्री ट्यूबलाइटखाली फोटो काढला असणार. सकाळी दहाच्या सुमारास खिडकीजवळ काढा, ऊन थेट पडू द्यायचं नाही, शेजारी पांढरा कागद ठेवा. कागद पिवळा दिसला तर फोटो टाकून द्या. आणि लेबलवरचा शेड नंबर मेसेजमध्ये लिहून "हाच ना?" असं विचारून घ्या.

सहा_नंबरची_सुई
शेड नंबरनं भागत नाही, त्याच्याजवळ लॉट नंबर असतो तोही बघा. शेड तोच आणि लॉट वेगळा असेल तर हातात फरक कळत नाही, पण दुपटं पसरलं की मधोमध पट्टा दिसतो. 400 ग्रॅमला शंभराचे चार गुंडे लागतात, मी पाच एकदम घेते. पाचव्यातून मोजे होतात.

दुसऱ्या लॉटचा गुंडा वापरावाच लागला तर शेवटच्या काही ओळी एक जुन्या गुंड्याची, एक नव्याची अशा विणा, रंग मिसळून जातो. सरळ जोडलात तर नेमकी रेघ उमटते.

चिवचिव
माझ्याकडं आजीनं विणलेला बाळाचा स्वेटर आहे. गरम पाण्यात धुतला तर आखडून जाड पुठ्ठ्यासारखा झाला. परत मोठा कसा करायचा? कंडिशनर लावला, काही झालं नाही.

सहा_नंबरची_सुई
ती खरी लोकर होती. गरम पाणी आणि चोळणं यानं तिचे तंतू एकमेकांत गुंततात, मग ते सुटत नाहीत. थोडी ताणता येईल, पूर्वीसारखी होणार नाही. धाग्याचा विषय हा नाही, पण बरं झालं विचारलंत. आपण सगळ्यालाच "लोकर" म्हणतो. दुकानात मिळणारी बरीचशी स्वस्त लोकर ॲक्रेलिक असते. म्हणून कॅप्शनमध्ये सुताचं नाव हवंच. कॉटन, ॲक्रेलिक आणि खरी लोकर तिन्ही वेगवेगळी धुवावी लागतात, "अलगद धुवा" यातून काहीच कळत नाही.

हळदीकुंकू_७
सोपा उपाय सांगते. गडद रंग असेल तर सूत रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवायचं, रंग पक्का होतो. मग काळ्याबरोबर पांढरं विणलं तरी चालतं. संक्रांतीला काळ्या झबल्याच्या ऑर्डरी येतात तेव्हा हेच करायचं.

सहा_नंबरची_सुई
मिठाचं अर्धं बरोबर आहे. कापूस रंगवताना मीठ घालतात, रंग धाग्यावर बसावा म्हणून. पण रंगवून झालेल्या गुंड्याला मीठ लावून काही होत नाही, सुटणारा रंग सुटतोच. तो धुऊन काढावा लागतो.

विणायच्या आधी वीतभर काळा आणि वीतभर साय रंगाचा दोरा एकत्र पीळ देऊन कोमट साबणाच्या पाण्यात अर्धा तास ठेवा. पिळू नका, पांढऱ्या रुमालात गुंडाळून तसाच वाळू द्या. साय मळली किंवा रुमालावर डाग पडला तर तो काळा वापरूच नका. काळा आणि लाल कॉटन यात बऱ्याचदा नापास होतात. ॲक्रेलिकचा रंग सहसा सुटत नाही, म्हणून बोरन्हाणाचा काळा मी ॲक्रेलिकमध्येच घेते.

वाफेवरची_खीर
ॲक्रेलिकवर मला बोलायचंय. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी असते. ओवा, बाळंतशोपा टाकून धुरी देतात, आणि टोपरं-मोजे त्याच शेगडीवर धरून वाळवतात. ॲक्रेलिक निखाऱ्याजवळ वितळतं, पेट घेतलाच तर वितळलेला थेंब कातडीला चिकटतो. कॅप्शनमध्ये पहिली सूचना हीच हवी, धुण्याची दुसरी. धुरीच्या वेळी अंगावर ॲक्रेलिकचं काही नको.

इस्त्रीचंही तेच. वाफ लागली की ॲक्रेलिक लोळागोळा होतं, टाक्यांचा उठाव जातो तो परत येत नाही. खरं-खोटं करायचं असेल तर विणलेल्या नमुन्यावर इस्त्री टेकवून बघा, एकदा बघितलं की परत लावणार नाही.

आणि कपाटात डांबरगोळ्या नकोत. काही बाळांच्या रक्तात जन्मतः एक कमतरता असते, त्यांना त्या वासानं कावीळ होऊ शकते. कुणाला असेल ते वरून दिसत नाही.

लोकरगुंडा
शेगडीचं डोक्यातच नव्हतं. वाळवण्याचं सांगा कुणीतरी. जुलैत आपल्याकडे दोन दिवस ऊन नसतं, लोक दोरीवर टाकतात आणि म्हणतात दुपटं लांब झालं.

राजारामपुरीची_वैनी
ओलं कॉटन वजनाला जड. दोरीवर टाकलं की खाली ओढलं जातंय, 30 इंचाचं 34 होतंय आणि अरुंद होतंय. मोठ्या टॉवेलात गुंडाळून दाबा, पिळू नका. मग कोरड्या टॉवेलवर सपाट पसरा, कोपरे हातानं जुळवा, पंखा लावा. सहा तासांनी उलटा आणि टॉवेल बदला, नाहीतर खालच्या बाजूला कुबट वास धरतोय. टोपरं फुगवलेल्या फुग्यावर नाहीतर उलट्या वाटीवर ठेवा. मशीनला टाकायचंच तर जाळीच्या पिशवीत, थंड पाणी, ड्रायर नको.

टाळूला तेल भरतात तर टोपरं त्या दिवशीच धुवा. तेल राहिलं की साय रंगावर पिवळा गोल पडतोय, तो निघत नाही.

लोकरगुंडा
आता हे बघा:

"बारसं सेट: टोपरं, मोजे, 30 इंची दुपटं. आठ पदरी कॉटन. रंग: साय, लिंबू, पिस्ता, अबोली, फिका राखाडी. काठाचा रंग बाळ आल्यावर सांगा. रंग शेड नंबरवर ठरतो, मोबाइलवर थोडा वेगळा दिसेल.
टोपरं-मोजे 6 दिवस, पूर्ण सेट 18 दिवस, जून ते सप्टेंबर 20. दिवस ॲडव्हान्स आणि रंग ठरल्यापासून.
शेगडी, धुरी, इस्त्रीपासून लांब. कोमट पाणी, सौम्य साबण, पिळू नये, सपाट वाळवावं. तेल लागल्यास त्याच दिवशी धुवावं. डांबरगोळ्या नकोत."

सहा_नंबरची_सुई
ॲडव्हान्सपासूनच मोजताय म्हणजे. बरं. "झोपलेल्या बाळाच्या अंगावर मोकळं दुपटं टाकू नये" एवढं घाला, तोंडावर सरकतं. आणि मोज्यांच्या आतली टोकं कापण्याआधी निदान दोन इंच शिवून घ्या, सुटा दोरा बाळाच्या बोटाला गुंडाळतो.

चिवचिव
टोपऱ्याचं माप कुठाय? माझ्या भाचीला सगळी टोपरी घट्टच होतात.

सहा_नंबरची_सुई
नव्या बाळाचं डोकं साधारण 34-35 सेंटिमीटर, तीन महिन्यांत 40 च्या आसपास. टोपरं ताणतं, म्हणून घेर डोक्यापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर कमी. भाची किती महिन्यांची?

गंगावेशीतला_दोरा
नावाचं तोरण कोण करतंय? लोक बारशालाच नाव लावलेलं मागतात, आणि आत्या कानात सांगेपर्यंत नाव कुणी फोडत नाही. मी कॅप्शनमध्ये "तोरण बारशानंतर" असं लिहितो, निम्मी गिऱ्हाइकं तिथंच जातात.

राजारामपुरीची_वैनी
आत्यालाच गाठ की. तिला नाव ठाऊक असतंय.

गंगावेशीतला_दोरा
दोन आत्या असल्या की दोन नावं येतात.