मदत हवी आहे: कमी तेलातली गवार, झाकण नेमकं कधी काढायचं?

पाव किलो कोवळी गवार, दोन छोटे चमचे तेल, लोखंडी कढई. मोहरी-हिंग-हळदीच्या फोडणीत गवार मोठ्या आचेवर दोन मिनिटं परतायची, शेंगांवर तेलाची चकाकी आली की मीठ, मग मंद आच आणि वर पाण्याचं ताट. ताट थंड राहतं, वाफ त्याच्या तळाला जमून थेंब परत भाजीत पडतात, म्हणून वेगळं पाणी लागत नाही. इथपर्यंत ठीक.

अडतं पुढे. आठेक मिनिटांनी शेंग बोटात दाबली जाते, पण तळाशी चमचाभर पाणी उरलेलं असतं. मुंबईच्या पावसाळ्यात तर जास्तच, धुतलेली गवार फडक्यावर तासभर पसरूनही कोरडी होत नाही. झाकण काढून सारखं हलवलं तर शेंगा मोडून लगदा होतो. न हलवावं तर पाणी आटताच खालचा थर धरतो, कारण तेल तेवढंच.

शेंग थोडी कच्ची असतानाच ताट काढून उरलेली उघड्यावर शिजवावी का? की मीठच शेवटी घालावं, म्हणजे पाणी कमी सुटेल? आणि उघडल्यावर किती वेळाने उलथन्याने तळापासून पलटता? खोबरं घालायच्या आधीचंच सांगा.