मदत हवी आहे: थायरॉईडची जेनेरिक गोळी सुरू केली आणि आईचा टीएसएच 8 वर गेला

जुळे_सोलापूरकर
नमस्कार. आई 61 वर्षांची. चार वर्षं एकाच कंपनीची 75 मायक्रोग्रॅमची गोळी चालू होती. फेब्रुवारीत टीएसएच 2.6 होता. मार्चमध्ये मी जेनेरिकच्या दुकानातून तीच 75 ची गोळी आणली, निम्म्याहून स्वस्त पडली. परवा रिपोर्ट आला 8.1. आई म्हणते पाय जड वाटतात, दुपारी डोळा लागतो. डॉक्टर सोमवारी भेटतील. जेनेरिक गोळीत औषध कमी असतं का? तोवर मीच डोस वाढवून 88 ची देऊ का?

भाकरी_शेंगाचटणी
अहो, नियमच तसा आहे. जेनेरिकला 80 ते 125 टक्के चालतं. म्हणजे 75 च्या गोळीत 60 असो की 93, पास! स्वस्त कशी मिळते मग?

होटगी_रोड_काका
माझी बीपीची गोळी तीनदा बदलली, काही झालं नाही. उगाच घाबरू नका.

औषधांच्या_कपाटातून
फार्मसीत 19 वर्षं गेली, म्हणून लिहिते.

80 ते 125 हा आकडा खरा आहे, पण तो गोळीतल्या औषधाचा नाही. त्यावर वेगळी आणि बरीच कडक मर्यादा असते. बायोइक्विव्हलन्सच्या चाचणीत काही निरोगी माणसांना आधी एक गोळी आणि मग पुरेसा काळ सोडून दुसरी देतात. दर वेळी ठरावीक तासांनी रक्त घेऊन औषध किती वर चढलं आणि एकूण किती पोचलं ते बघतात. मग दोन्ही गोळ्यांचं गुणोत्तर काढतात. अंदाजात चूक किती असू शकते ते धरून येणारा अख्खा पट्टा 80 ते 125 मध्ये बसावा लागतो. गोळी सरासरीनेच 20 टक्के कमी पडत असेल, तर पट्टा खाली सरकतो आणि ती नापास होते.

खरी मेख दुसरीकडे आहे. प्रत्येक जेनेरिकची तुलना मूळ औषधाशी होते, दोन जेनेरिकची आपसात होत नाही. आणि आईंची जुनी 'ब्रँडेड' गोळीसुद्धा बहुधा जेनेरिकच, फक्त नाव लावलेली. थायरॉक्सिन इतकं जुनं औषध आहे की त्यावर कुणाचं पेटंट उरलेलं नाही.

काका, बीपीच्या गोळीत थोडा फरक पडला तर बहुधा कळतही नाही. थायरॉक्सिनचं तसं नाही. रक्तातलं हार्मोन जरासं उतरलं तरी टीएसएच पटींत वर जातो.

88 स्वतःहून देऊ नका. आधी सांगा, गोळी कधी घेतात, मार्चनंतर दुसरं काही औषध सुरू झालं का? आणि रिकाम्या स्ट्रिपा ठेवल्यात का?

सात_रस्ता_मावशी
आमच्या भाच्याला फिट्स येतात. दुकानदाराने हळूहळू विरघळणाऱ्या व्हॅलप्रोएटऐवजी साधी गोळी दिली. नाव तेच, आकडा तोच. पाचव्या दिवशी शाळेत फिट आली. तेव्हापासून पाकिटावरची सगळी अक्षरं वाचून घेते मी.

औषधांच्या_कपाटातून
मावशी, तुमच्याकडे कंपनीच नाही, गोळीचा प्रकारच बदलला. ते जास्त धोक्याचं. फिट्सच्या औषधात फेनिटॉइन तर फार नाजूक. 1968 च्या सुमारास ऑस्ट्रेलियात कॅप्सूलमधली भर घालायची पावडर बदलली. औषध तेवढंच होतं, पण ते जास्त शोषलं गेलं आणि रुग्णांना विषबाधा झाली.

जुळे_सोलापूरकर
ताई, स्ट्रिपा सापडल्या. मार्चची आणि मेची कंपनी वेगळी आहे! दुकानदार म्हणाला, "तेच आहे, मालक." शिवाय गुडघ्यांसाठी एप्रिलपासून कॅल्शियम चालू आहे. आई सकाळी थायरॉईडची गोळी घेते आणि दहा मिनिटांत चहा, कडक भाकरी आणि कॅल्शियम, सगळं एकदम. आठवड्याच्या गोळ्या सोडवून स्टीलच्या डबीत, गॅसशेजारच्या फळीवर.

औषधांच्या_कपाटातून
मग गोळीवर खापर फोडायची घाई नको. कॅल्शियम थायरॉक्सिनला पोटातच धरून ठेवतं, दोघांत चार तास हवेत. चहाआधी निदान अर्धा तास, जमलं तर तासभर थांबा. सुटी गोळी उष्णतेने आणि दमटपणाने बिघडते, आणि तुमची डबी मेमध्ये सोलापुरात गॅसशेजारी! स्ट्रिपमधून रोजची रोज काढा.

सोमवारी डॉक्टरांना स्ट्रिपा दाखवा. मी असते तर विचारलं असतं, डोस तोच ठेवून, कुठल्याही एकाच कंपनीची गोळी धरून, वेळा सुधारून सहा ते आठ आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये टीएसएच करू का? त्याआधीचा आकडा फसवतो. थायरॉक्सिन निम्मं व्हायलाच आठवडा लागतो. छातीत दुखणं, खूप सूज, गुंगी असं काही दिसलं तर मात्र सोमवारपर्यंत थांबू नका.

भाकरी_शेंगाचटणी
ठीक, आकड्याचं माझं चुकलं. पण दुकानदाराने न सांगता कंपनी बदलली, त्याचं काय?

जुळे_सोलापूरकर
डॉक्टरांनी डोस 75 च ठेवला, कॅल्शियम रात्रीच्या जेवणानंतर. पुढची टेस्ट ऑगस्टमध्ये. एकाच कंपनीच्या तीन महिन्यांच्या स्ट्रिपा आणल्यात, जेनेरिकच. दोष गोळीचा होता की भाकरीबरोबरच्या कॅल्शियमचा, ते आता कळणार नाही, सगळंच एकदम बदललंय. आईने मात्र निकाल देऊन टाकलाय: "तुझ्या स्वस्ताईनंच झालं."