एकाच फुटिंगला चार सूत्रांची चार उत्तरं: आकारगुणकाबद्दल मदत हवी आहे

चौरस फुटिंग २ × २ मी., खोली १.५ मी., वाळू: c = 0, φ = ३०° (डायरेक्ट शिअरवरून), γ = १८ kN/m³. भार उभा आणि मध्यावर, पाण्याची पातळी खूप खाली. सेटलमेंट वेगळी तपासली आहे, तो प्रश्न नाही.

एकूण अंतिम धारणक्षमता kPa मध्ये अशी येते: टर्झाघी ८९०, हॅन्सन १०७०, मेयरहॉफ ११४५, व्हेसिक ११९५.

आकार आणि खोलीचे गुणक काढून पट्टी-फुटिंग म्हणून पाहिलं, तर टर्झाघीच सगळ्यात वर जातो (९६०). ते समजलं: त्याने पायाखालच्या पाचरीचा कोन φ धरलाय, बाकीच्यांनी ४५ + φ/२, म्हणून त्याचा Nq २२.५ आणि इतरांचा १८.४. शिवाय तो तळाच्या वरच्या मातीचं शिअर धरत नाही, म्हणजे खोलीगुणक नाहीच. Nγ तर प्रत्येकाचा निराळा.

अडलंय ते sγ वर. चौरसासाठी हॅन्सन-व्हेसिक ०.६ घेतात, मेयरहॉफ १.३. एक कमी करतो, दुसरा चक्क वाढवतो! मेयरहॉफचा गुणक ट्रायअॅक्सियल आणि प्लेन-स्ट्रेन φ मधल्या फरकामुळे असा आहे का? आणि खड्डा खणून सैल भराव टाकणार असू, तर dq १ धरूनच तुलना करायची ना?