मदत हवी आहे: मूल्यभेदाच्या गणितात जास्त किंमत कोणाला?

कोरीपाटी:
परवा पेपर आहे. एका मक्तेदाराचे दोन गट: नोकरदार P = 100 − Q, विद्यार्थी P = 60 − Q. सीमांत खर्च दोन्हीकडे 20. एकच किंमत ठेवली तर 50 येते, नफा 1800. वेगवेगळ्या किंमती कशा काढायच्या? आणि 'पुनर्विक्री अशक्य हवी' ही अट इथे नेमकी कुठे लागते?

सरळरेषा:
ज्या गटाची मागणी मोठी, त्याला जास्त किंमत. इथे नोकरदार.

तळटीप:
उत्तर बरोबर, कारण चुकलं. गट कितीही मोठा असला तरी किंमत ठरते ती लवचिकतेवर. मागणी Q = 2(60 − P) झाली, म्हणजे विद्यार्थी दुप्पट झाले, तरी त्यांची किंमत बदलत नाही; करून बघा.

50 ला नोकरदार 50 नग घेतात आणि तिथे सीमांत प्राप्ती शून्य आहे. विद्यार्थी 10 घेतात, तिथे ती 40 आहे. म्हणून नग नोकरदारांकडून काढून विद्यार्थ्यांकडे वळवायचे, दोन्हीकडे सीमांत प्राप्ती 20 होईपर्यंत. 100 − 2Q = 20, म्हणून 40 नग, किंमत 60. तिकडे 60 − 2Q = 20, म्हणून 20 नग, किंमत 40. नफा 1600 + 400 = 2000. पडताळा लवचिकतेने घ्या: नोकरदारांची 1.5, विद्यार्थ्यांची 2. कमी लवचिक तिथे जास्त किंमत. बरेच जण सीमांत प्राप्तीऐवजी किंमतीच समान करतात आणि पुन्हा 50 वर येतात.

दुपारचा_चहा:
आमच्याकडे दहा नग एकदम घेतले की दर कमी. तेही हेच ना?

तळटीप:
नाही. तिथे ओळखपत्र कोणी बघत नाही. दरपत्रक सगळ्यांना सारखं, ग्राहक स्वतःच आपला दर निवडतो. पिगूच्या वर्गवारीत ती दुसरी श्रेणी. कोरीपाटीचं गणित तिसऱ्या श्रेणीचं आहे.

कोरीपाटी:
आणि पुनर्विक्री?

तळटीप:
ती पूर्ण अशक्यच हवी असं नाही. विद्यार्थ्याला नग नोकरदाराकडे पोचवायला 12 खर्च येतो असं धरा. मग 20 चा फरक टिकणार नाही, विद्यार्थी 40 ला घेऊन 60 च्या आत विकतील. फरक 12 वर बांधला की किंमती 56 आणि 44, नफा 1968. खर्च शून्य झाला की पुन्हा 50 आणि 1800. पेपरात अट लिहिताना 'पुनर्विक्रीचा खर्च किंमतीतल्या फरकापेक्षा कमी नसावा' असं लिहा. सोबत किंमतीवर ताबा, गट ओळखता येणं आणि लवचिकता वेगळी असणं.

सरळरेषा:
दुप्पट विद्यार्थी घेऊन केलं, किंमत 40 च आली. मान्य. पण मग लांबच्या ग्राहकाला वाहतूक धरून जास्त किंमत लावली तर?

तळटीप:
फरक वाहतुकीइतकाच असेल तर मूल्यभेद नाही. उलट खर्च वेगळा असून किंमत एकच ठेवली, तर मी त्याला मूल्यभेद म्हणेन.

सरळरेषा:
आमच्या नोट्समध्ये 'एकाच वस्तूच्या वेगळ्या किंमती' एवढंच आहे. पेपर तपासणारे तुमचं मान्य करतील असं वाटत नाही.