मदत हवी आहे: जर्मन शिकणाऱ्या मैत्रिणीला काय भेट द्यावी?

माझी मैत्रीण जळगावला नर्स आहे. जर्मनीत नोकरीसाठी जर्मन भाषेच्या बी-टू परीक्षेची तयारी करतेय. वाचन, लेखन, संभाषण हे तीन भाग निघालेत, फक्त ऐकण्याचा राहिलाय. बी-टूला भाग सुटे देता येतात, त्यामुळे पुण्याला जाऊन तेवढाच द्यायचाय.

पुढच्या महिन्यात तिचा वाढदिवस. बजेट पंधराशेपर्यंत. शब्दकोश आहे. der, die, das साठी तीन रंगांची कोरी कार्डं मी आधीच दिली, ती ॲप्रनच्या खिशात घेऊन फिरते, कोपरे पार मऊ झालेत. म्हणजे शब्द पाठ आहेत, पण कानावर पडले की निसटतात. परीक्षेत काही उतारे एकदाच ऐकवतात. पहिलं वाक्य हुकलं की ती तिथेच अडकते आणि पुढचे दोन प्रश्न जातात.

रूमवर तिघी राहतात, हिची नाईट ड्युटी, नेट यथातथाच. म्हणून ऑनलाइन वर्गणी नको. 'ऑल द बेस्ट'चा मगही नको, आधीच घरचे रोज विचारतात, "मंग कधी जाशी?"

माझ्या डोक्यात दोन गोष्टी आहेत. एक, वायरचे चांगले हेडफोन आणि सरावाचे ऑडिओ डाउनलोड करून भरलेलं मेमरी कार्ड. पण परीक्षेत स्पीकरवर ऐकवलं तर हेडफोनची सवय उलटी पडेल का, ही शंका आहे. दुसरी, त्याच पैशात एखाद्या शिक्षकाबरोबर फक्त ऐकण्याच्या सरावाचे दोन-तीन तास.

ज्यांनी हा भाग काढलाय त्यांनी सांगा, तुम्हाला यातलं नेमकं काय कामी आलं?