मदत हवी आहे : होडीत जागा तीन, माणसं पाच

मंडळी, कोल्हापुरात आमच्या ग्रुपची एकांकिका बसतेय. विषय 'ग्राफ्टन' जहाजाचा. 1864 च्या जानेवारीत ते न्यूझीलंडच्या दक्षिणेला ऑकलंड बेटांवर फुटलं आणि पाच जण अडकले. जहाजावरचं धान्य थोडंच, त्यामुळे पोट सीलच्या मांसावर.

त्यांनी कप्तान मसग्रेव्हलाच मतदानानं प्रमुख निवडलं, पण नीट वागला नाही तर मतदानानंच काढायचा, ही अटही घातली. नियम लिहून काढले आणि दर रविवारी वाचायचे ठरवले. स्वयंपाकाच्या आठवड्याच्या पाळ्या लावल्या, त्यातून प्रमुखाला सूट. रेनाल नावाच्या सोबत्यानं पत्ते बनवले, पण कप्तान हरला की चिडायचा, म्हणून रेनालनंच ते जाळून टाकले! हा प्रसंग आमचा झकास बसलाय.

अडलंय पुढं. थंडीत सील दिसेनासे झाले, उपासमार आली, तरी नियम टिकले. मग 1865 च्या जुलैत छोटी होडी दुरुस्त करून तिघंच निघाले, दोघं बेटावर राहिले. (मसग्रेव्ह नंतर त्यांना न्यायला परत आला.) मांसाचे समान वाटे करता येतात, होडीतल्या जागेचे कसे करणार?

चिठ्ठ्या टाकलेल्या दाखवल्या तर सोपं जाईल, पण खोटं वाटतंय. प्रमुखानं ठरवलं, तर मतदानाची अट तिथं वापरायला नको का? आणि मागं राहणारा हो कशासाठी म्हणेल? नाटकवाल्यांनो, हा प्रसंग कसा बांधाल, सांगा की राव.