लग्नाच्या फोटोग्राफर-डेकोरेटरचे जाहीर आभार, आणि निळ्या गालाचं काय करायचं?

गोदाकाठ
धाकट्या बहिणीचं लग्न मे महिन्यात नाशिकला झालं. फोटोग्राफर आणि डेकोरेटर, दोघांचं काम मनापासून आवडलं. दोघांनीही "ताई, गूगलवर दोन ओळी टाका" असं सांगितलंय. मी लिहिलंय ते असं:

"आमच्या लग्नाचे अविस्मरणीय क्षण टिपणाऱ्या आणि स्वप्नवत सजावट करणाऱ्या दोन्ही टीमचे खूप खूप आभार. अतिशय प्रोफेशनल, नम्र आणि वेळेचे पक्के. सर्वांनी जरूर संपर्क करावा."

अडचण एकच. रिसेप्शनच्या बऱ्याच फोटोंत स्टेजवरच्या रंगीत लाइटमुळे बहिणीचा एक गाल निळा आणि दुसरा गुलाबी आलाय. हे आभारात लिहायचं की गिळून टाकायचं?

वऱ्हाडी_ठेचा
गिळा. पोरीचं लग्न नीट पार पडलं ना? त्या माणसांनी रात्रभर जागून काम केलं. मंगलकार्याच्या आभारात खोट काढणं म्हणजे जेवून उठताना वरणात मीठ कमी होतं म्हणण्यासारखं. काही सांगायचं असेल तर फोन करून सांगा. गावातल्या छोट्या धंद्याला एक तारा कमी पडला तर पुढचं गिऱ्हाईक दुसऱ्या दारात जातं.

स्पष्टवक्ती_मावशी
मुलीच्या लग्नाच्या वेळी मी असे शंभरएक "अविस्मरणीय क्षण" वाचले. त्यातून हॉलमध्ये उभं राहून हा माणूस काय करतो, हे एकाही मजकुरातून कळलं नाही. ताई, तुमच्या मजकुरातलं लग्नाचं नाव काढून केटरर घातला तरी तो चालेल! असल्या कौतुकाचा त्या बिचाऱ्यांनाही उपयोग नाही. निळा गाल लिहा, आणि चांगलं काय झालं तेही तितकंच नेमकं लिहा. पाचऐवजी चार तारे दिले म्हणून कुणी उपाशी मरत नाही.

रॉ_फाइल
मुळात हा दोष लाइटचा नाहीच. फोटोग्राफरने रॉमध्ये शूट केलं असेल तर व्हाइट बॅलन्स नंतर हवा तसा फिरवता येतो. पाच मिनिटांचं काम आहे. त्याने आळस केलाय. तारा कापायचाच असेल तर त्याचा कापा, डेकोरेटरचा नाही.

फोकसआप्पा
रॉ_फाइल, अर्धं बरोबर आहे तुमचं. सगळ्या फोटोवर एकसारखी पिवळट झाक असेल, हॉलच्या जुन्या बल्बची असते तशी, तर ती नंतर निघते. इथं गोष्ट वेगळी आहे. स्टेजवरच्या निळ्या एलईडी पार लाइटमधून निळाच प्रकाश येतो. त्या गालावर लाल-हिरवा प्रकाश पडलाच नाही, तर कॅमेऱ्यात तो येणार कुठून? त्यात दोन बाजूंनी दोन रंग. निळा गाल सुधारायला गेलं की गुलाबी गाल टोमॅटो होतो. हाताने मास्क करून चेहरा बरा करता येतो, पण तो दहा-वीस फोटोंपुरता. रिसेप्शनचे चारशे-पाचशे फोटो असे कोण करणार?

मी रोलच्या जमान्यापासून लग्नं करतोय. छत्तीस फोटोंत अख्खं सीमांतपूजन उरकायचं, तेव्हापासून. हल्ली स्टेजवर सगळ्यात जास्त वैताग या पार लाइटचा आहे. उपाय साधा असतो, पण तो त्या दिवशीच करायला लागतो. समोरून चेहऱ्यावर येणारे दोन लाइट कोमट पांढरे करायचे आणि रंगाचे फक्त मागच्या पडद्यावर वळवायचे. नवरा-नवरी स्टेजवर यायच्या आधी कुणीतरी तिथं पांढरा रुमाल धरून मोबाइलने फोटो काढावा. रुमाल निळा दिसला तर नवरीही निळीच येणार.

ताई, दोन गोष्टी विचारतो. मुहूर्ताच्या आणि हळदीच्या फोटोंत रंग नीट आहेत का? आणि स्टेजचे लाइट नक्की डेकोरेटरचेच होते का?

पिंकी_माहेरवाशीण
तुम्हाला फोटो मिळाले तरी! आमच्या लग्नाला आठ महिने झाले, अल्बम अजून "डिझाइनला" आहे. पैसे पूर्ण देऊन बसलोय. बिलाचे पैसे परत कसे मागायचे ते कुणी सांगेल का?

स्पष्टवक्ती_मावशी
पिंकी, इथं आभाराचा विषय चाललाय गं. पण एक सांगते, अल्बमचे फोटो निवडून दिलेस का? आमच्याकडे दोन महिने आम्हीच निवड केली नव्हती आणि शिव्या त्याला देत होतो.

पिंकी_माहेरवाशीण
… निवड सासूबाईंकडे आहे. विचारते.

गोदाकाठ
आप्पा, हळद आणि मुहूर्त एकदम सुरेख आलेत. रंग अगदी डोळ्यांनी पाहिले तसे. आणि तुमचं वाचून आत्ता बिल काढून पाहिलं. डेकोरेटरच्या बिलात मंडप, फुलं, बॅकड्रॉप आणि प्रवेशद्वार एवढंच आहे. लाइट आणि साउंड हॉलच्या पॅकेजमध्ये होते! म्हणजे मी डेकोरेटरचं नाव लिहून मोकळी झाले असते. ज्याचा दोष नाही त्याच्याच माथी.

वऱ्हाडी_ठेचा
हेच म्हणत होतो. म्हणून गिळा.

स्पष्टवक्ती_मावशी
हे "म्हणून गिळा" कसं काय झालं? म्हणून आधी बिल बघा आणि मग लिहा, असं झालं. आणि माझा मुद्दा जात नाही. स्टेज डेकोरेटरने उभं केलं. आपल्या पडद्यावर कुणी जांभळा झोत मारतंय हे त्याला दिसलं असेल ना? फोटोग्राफरला तर डोळ्याला कॅमेरा लावल्या लावल्या दिसलं असेल. दोघांपैकी एकानेही तोंड उघडलं नाही.

फोकसआप्पा
मावशी, बरोबर आहे तुमचं. खोटं कशाला बोलू, मीसुद्धा अशा वेळी गप्प बसलोय. हॉलचा लाइटवाला म्हणतो, मालकाला विचारा. मालक जेवायला बसलेला असतो, आणि नवरीकडचे म्हणतात रंगीत छान दिसतंय, राहू द्या. समोर आहेरासाठी दोनशे माणसांची रांग. त्यात कुणाशी भांडणार? पण तुमच्या फोटोग्राफरने निदान घरच्या एका माणसाच्या कानावर घालायला हवं होतं. हे त्याला फोनवर सांगाच, पुढच्या लग्नात तो बोलेल.

लिहिण्याबद्दल म्हणाल तर मला गिऱ्हाइकाकडून एकच हवं असतं. मी काय केलं ते त्यानं पाहिलेलं असावं. अंतरपाट धरला होता तेव्हा तुमचा फोटोग्राफर कुठं उभा होता, आठवतं का?

गोदाकाठ
आठवतं! तो बाजूला, भटजींच्या मागे गुडघ्यावर बसला होता. त्याचा जोडीदार मागच्या खुर्चीवर चढला होता. पहिल्या रांगेत आजी व्हीलचेअरवर होती, तिला सगळं दिसलं. तिनेच नंतर सांगितलं की "या पोराने मला लग्न बघू दिलं".

फोकसआप्पा
मग हेच लिहा हो! शेवटचं "सावधान" झालं की अंतरपाट खाली येतो, चहूकडून अक्षता पडतात, वाजंत्री सुरू होते आणि सगळे स्टेजवर धावतात. दोघांनी एकमेकांकडे पाहिलेली नजर मिळायला दोन-तीन सेकंद मिळतात. बहुतेक जण त्यासाठी थेट समोर जाऊन उभे राहतात आणि पाहुण्यांना फोटोग्राफरची पाठ दिसते. बाजूला बसून तो फोटो काढायचा तर जागा आधी ठरवायला लागते, भटजींना सांगून ठेवायला लागतं. हे ज्याला कळतं त्याला तुमच्या एका ओळीत सगळं कळेल.

रॉ_फाइल
आप्पा, मास्किंगचं मान्य. पण दहा-वीस फोटो तरी त्याने करून द्यायला हवेत, किंवा ते कृष्णधवल करावेत.

फोकसआप्पा
ते मागा, तो नक्की देईल. कृष्णधवलमध्ये गाल निळा होता हे कुणाला कळणारही नाही.

गोदाकाठ
डेकोरेटरबद्दलही आठवायला बसले. मला मंडपावर भरगच्च निशिगंध हवा होता. तो सरळ नाही म्हणाला. मे महिना, मंडप अर्धा उघड्यावर, मुहूर्त दुपारचा. फोटो काढेपर्यंत फुलं तपकिरी होतील म्हणाला. त्याने झेंडू, शेवंती, केळीचे खांब आणि आंब्याचे टहाळे लावले, आणि निशिगंध फक्त आत, वरमालांपुरता वापरला. मी तेव्हा रुसले होते. आदल्या दिवशी हॉलमध्ये दुसरं लग्न होतं, याला हॉल रात्री अकराला मिळाला. सकाळी हळदीला आम्ही गेलो तेव्हा त्याची माणसं कचरा झाडून नेत होती. आणि होमाच्या बाजूचा पडदा त्याने मुद्दाम चांगला दीड-दोन हात मागे बांधला होता, हे बाबांनी नंतर दाखवलं.

आता दोघांना वेगळं वेगळं लिहिते. पाहा:

*फोटोग्राफरसाठी:* "मे महिन्यात बहिणीच्या लग्नाचं काम यांनी केलं. अंतरपाटाच्या वेळी हे समोर उभे न राहता बाजूला गुडघ्यावर बसले, त्यामुळे पहिल्या रांगेतल्या आमच्या आजीला सगळा सोहळा दिसला, आणि नजरानजरेचा फोटोही मिळाला. हळद आणि मुहूर्ताचे रंग अगदी खरे. रिसेप्शनला हॉलच्या रंगीत लाइटमुळे काही चेहरे निळसर आले आहेत. तुमच्या हॉलमध्ये तसे लाइट असतील तर यांना आधीच दाखवून घ्या. अल्बम यायचा आहे, आला की इथंच भर घालेन."

*डेकोरेटरसाठी:* "आम्ही मागितलेल्या निशिगंधाला यांनी उन्हाचं कारण सांगून नकार दिला, आणि ते बरोबर निघालं. दुपारच्या मुहूर्तानंतरही झेंडू-शेवंतीचा मंडप ताजा होता. हॉल रात्री उशिरा मिळूनही सकाळी सगळं तयार, कचरासुद्धा उचललेला. होमाजवळ पडदे लांब ठेवण्याची काळजी न सांगता घेतली. मनापासून आभार."

स्पष्टवक्ती_मावशी
आता कसं! अल्बम न येता अल्बमचं कौतुक केलं नाहीस हे फार बरं. गूगलवर लिहिलेलं नंतर बदलता येतं, तेव्हा भर जरूर घाल. पण फोटोग्राफरला चारच तारे दे. तुझ्याच शब्दांत कमी राहिली आहे ना?

वऱ्हाडी_ठेचा
निळ्या चेहऱ्याची ओळ अजूनही खटकते. घाईत वाचणारा "हॉलच्या" हा शब्द सोडून देईल आणि "चेहरे निळसर" एवढंच लक्षात ठेवेल. डेकोरेटरचं मात्र झकास. माझ्या पुतण्याच्या लग्नाला असला "नाही" म्हणणारा माणूस मिळाला असता तर जरबेरा दुपारी मान टाकून बसला नसता.

फोकसआप्पा
मी तो फोटोग्राफर असतो तर ती ओळ ठेवा म्हणालो असतो. निदान पुढचं गिऱ्हाईक लाइटबद्दल मला आधी विचारेल. पण सगळे तसे नसतात. टाकण्याआधी त्याला एकदा वाचून दाखवा.

गोदाकाठ
वाचून दाखवलं तर तो ती ओळ काढायलाच सांगेल, असं बाबा म्हणतात. डेकोरेटरचं आत्ता टाकलं, पाच तारे. फोटोग्राफरचं उद्या.

पिंकी_माहेरवाशीण
सासूबाई म्हणतात निवड झालीये, पण पेनड्राइव्ह सापडत नाहीये.